७५ टक्के दिसतात, तरी अपात्र? हजेरीच्या हिशेबातल्या या चुका टाळा

परीक्षेआधी हजेरीची यादी लागली की एक तक्रार हमखास येते: "माझ्या नावापुढे ७५ टक्के लिहिलंय आणि शेरा मात्र अपात्र." तक्रार खरी असते, शेराही बरोबर असतो. गडबड या दोन्हींच्या मधल्या हिशेबात असते. समजा, नियम किमान ७५ टक्के हजेरीचा आहे. एकूण ७५ तास झाले आणि एक विद्यार्थी त्यांपैकी ५६ तासांना हजर होता. एक्सेलच्या तक्त्यात B रकान्यात हजर तास, C मध्ये झालेले तास आणि D मध्ये टक्केवारी आहे.

५६ भागिले ७५ म्हणजे ७४.६६ टक्क्यांहून किंचित जास्त. पण टक्केवारीचा सेल दशांश न दाखवणारा असेल तर तिथे ७५% दिसतं. सेलमधली खरी किंमत ०.७४६६… अशीच राहते, फक्त दाखवताना ती जवळच्या पूर्णांकापर्यंत नेली जाते. पात्रतेचं सूत्र खऱ्या किमतीवर चालतं, म्हणून शेरा "अपात्र" येतो. त्यामुळे D रकान्यात दोन दशांश स्थळं दाखवा. ७४.६७% दिसलं की विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागत नाही.

याच ठिकाणी उलटी चूकही होते. दिसणारा आकडा आणि शेरा जुळावा म्हणून कुणीतरी सूत्रातच ROUND(B2/C2,2) घालतं. मग तोच विद्यार्थी पात्र ठरतो, कारण आता किंमत खरोखरच ०.७५ झालेली असते. अपूर्णांक वर न्यायचा की नाही हे नियमात लिहिलेलं असावं लागतं. नियम "किमान ७५" एवढंच म्हणत असेल तर ७४.६७ ला सवलत देण्याचा अधिकार तक्त्याला नाही. माझं मत असं, की पात्रता ठरवताना टक्केवारी काढूच नये. थेट तासांची तुलना करावी:

```
=IF(C2=0,"",IF(B2*100>=C2*75,"पात्र","अपात्र"))
```

५६ × १०० = ५६००, ७५ × ७५ = ५६२५. पहिली संख्या लहान, म्हणून अपात्र. यात भागाकार नाही, त्यामुळे दशांशांचा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीचा C2=0 हा भाग मात्र विसरू नका. ज्या विषयाचा एकही तास झालेला नाही तिथे दोन्ही बाजू शून्य होतात आणि हे सूत्र त्याशिवाय मुकाट्याने "पात्र" लिहून मोकळं होतं. भागाकाराच्या सूत्रात निदान #DIV/0! तरी दिसलं असतं.

यादीतले सगळेच अपात्र निघाले, तर नियमाची संख्या तपासा. टक्केवारीच्या सेलमध्ये ७८% दिसत असलं तरी आत ०.७८ असतं. त्याची तुलना 75 शी केली तर कुणीच पात्र ठरणार नाही. तिथे 75% किंवा 0.75 हवं. आणि सगळेच पात्र निघाले, अगदी क्वचित वर्गात दिसणारेसुद्धा, तर टक्केवारी मजकूर झाली आहे का ते पाहा. TEXT(B2/C2,"0%") किंवा शेवटी &"%" जोडलेलं सूत्र संख्या देत नाही, अक्षरं देतं. एक्सेल तुलनेत मजकुराला कोणत्याही संख्येपेक्षा मोठं धरतं, म्हणून "४०%" चा मजकूरही ०.७५ पेक्षा मोठा ठरतो. ही चूक जास्त घातक, कारण तिच्याबद्दल तक्रार करायला कुणी येत नाही.

आता त्याच विद्यार्थ्याचे ७५ तास उलगडून पाहू. त्यात थिअरीचे ६० होते, प्रॅक्टिकलचे १५. थिअरीला तो ४२ तास आला, म्हणजे ७० टक्के. प्रॅक्टिकलला १४ तास, म्हणजे ९३.३३ टक्के. अनेक जण या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढतात: ८१.६७. आकडा बघून कुणालाही तो आरामात पात्र वाटेल. पण या सरासरीत प्रॅक्टिकलच्या १५ तासांना थिअरीच्या ६० तासांइतकंच वजन मिळालं. एकत्र हजेरी काढायची तर आधी तास तासांत मिळवायचे, मग एकदाच भाग द्यायचा: ४२ + १४ = ५६, ६० + १५ = ७५. पुन्हा ७४.६७. आणि नियम थिअरी व प्रॅक्टिकलला वेगवेगळा लागू असेल तर बेरीजसुद्धा कामाची नाही. तेव्हा दोन ओळी, दोन शेरे. थिअरीच्या ७० टक्क्यांवर तो तिथेच अडकतो.

सर्वांत जास्त नुकसान ज्या चुकीने होतं ती सत्राच्या मध्यावर घडते. ५० तास झाले होते तेव्हा हा विद्यार्थी ३४ वर होता, म्हणजे ६८ टक्के. तो हिशेब करतो: ५० चे ७५ टक्के ३७.५, म्हणजे ३८ हवेत, चार कमी आहेत, चार तास बसलो की झालं. चार तासांनंतर तो ३८ वर पोचतो खरा, पण तोवर झालेले तासही ५४ झालेले असतात. ३८ भागिले ५४ म्हणजे ७०.३७ टक्के. प्रत्येक नवा तास वरची आणि खालची, दोन्ही संख्या वाढवतो. सलग किती तास बसायला हवं ते असं निघतं:

```
=MAX(0,ROUNDUP((75*C2-100*B2)/25,0))
```

३७५० वजा ३४०० म्हणजे ३५०, त्याला २५ ने भागलं की १४. सलग १४ तास हजर राहिला तर ४८ भागिले ६४, बरोबर ७५ टक्के. (भाजकातले २५ म्हणजे १०० वजा ७५, नियम ८० टक्क्यांचा असेल तर ७५ च्या जागी ८० आणि २५ च्या जागी २० लिहा.)

पण हा १४ चा आकडा फक्त त्या दिवसापुरता आहे, आणि त्याने नेमकी इथेच गफलत केली. ६४ तासांवर काठ गाठल्यावर तो सैलावला, आणि उरलेल्या ११ तासांपैकी तीन बुडवले. ८ मिळून झाले ५६. सत्राचे एकूण तास वेळापत्रकावरून आधीच माहीत असतील तर हिशेब शेवटच्या भाजकावर करावा. ७५ तासांचे ७५ टक्के ५६.२५, म्हणजे ५७ तास हवेत. हातात ३४ आहेत, उरलेल्या २५ पैकी २३ बसायला हवं, दोनच बुडवता येतील. हे त्याला ५० व्या तासालाच कळलं असतं.

शेवटचा भाजक मात्र पक्का हवा. रद्द झालेला तास किंवा सुट्टीचा रकाना C मध्ये मोजला गेला तर सगळ्या वर्गाची टक्केवारी एकदम थोडी खाली येते. एखाद्याच विद्यार्थ्याची हजेरी कमी भरत असेल, तर त्याच्या ओळीत "P" नंतर चुकून स्पेस पडली आहे का ते बघा. COUNTIF ला "P" आणि "P " वेगळे वाटतात. अशी शंका आली की ती ओळ बोटांवर मोजून B2 शी ताडून बघणं सर्वांत लवकर होतं.

यादी लावण्याआधी तक्त्याच्या तळाशी चार खोट्या ओळी टाकून बघा: १०० पैकी ७५, १०० पैकी ७४, ७५ पैकी ५६ आणि ७६ पैकी ५७. शेरे अनुक्रमे पात्र, अपात्र, अपात्र, पात्र असे यायला हवेत. तिसरी ओळ "पात्र" निघाली तर कुठेतरी ROUND लपला आहे. चौथी "अपात्र" निघाली तर >= च्या जागी नुसतं > लिहिलं गेलं आहे.