खोल म्हणजे जुनं नव्हे! थर आणि कार्बन-१४ शिकताना या चुका टाळा

इतिहासाच्या मुलांचे उत्खननावरचे अहवाल तपासताना एक वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की लाल पेन आपोआप तिकडे वळतं: ‘दोन मीटर खोलीवर सापडल्यामुळे ही वस्तू सर्वांत प्राचीन आहे.’ त्याच्या खालोखाल दुसरं: ‘कार्बन-१४ चाचणीने हे स्थळ २४५० वर्षे जुने असल्याचे सिद्ध झाले.’ दोन्ही वाक्यं लिहिणारा मुलगा हुशार असतो. त्याने खंदकाच्या भिंतीकडे नीट बघितलेलं नसतं, एवढंच.

आधी खोलीचं बघू. ‘खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा’ हा नियम बरोबर आहे, पण तो थरांबद्दल आहे, सेंटिमीटरबद्दल नाही. माणसं सपाट जमिनीवर थर रचत बसत नाहीत. उतारावर घर बांधतात, अंगण भरून घेतात, खांबासाठी खणतात, चुलीची राख एका कोपऱ्यात टाकतात, जमिनीखाली मडक्यांत मेलेलं मूल पुरतात. एकाच खोलीवर खंदकाच्या पूर्वेला एका काळातली आणि पश्चिमेला दुसऱ्या काळातली माती असू शकते. मोहेंजोदडोला एका ठरावीक पातळीपासून खोली मोजून वस्तू नोंदवल्या गेल्या. मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा त्यांनी या पद्धतीवर कोरडे ओढले आणि त्याच वर्षी तक्षशिलेच्या प्रशिक्षण वर्गात थर ओळखून, भिंतीवर रेषा आखून खणायला शिकवलं. ऐंशी वर्षं झाली, तरी परीक्षेत ‘खोल म्हणजे जुनं’ येतंच.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जास्तच चीड येते. एम.ए.ला असताना एका पांढरीच्या टेकाडावर आमचा पाच बाय पाचचा खंदक चालू होता. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. शेतकरी ती खत म्हणून गाड्या भरभरून नेतात, त्यामुळे अर्धं टेकाड आधीच गेलेलं होतं. १ मीटर ८० सेंटिमीटरवर मला मूठभर सुंदर कोळसा मिळाला. आजूबाजूला जोर्वे पद्धतीच्या खापऱ्या, लाल पृष्ठभागावर काळी नक्षी. मी खुशीत नमुना पिशवीत भरला आणि लिहिलं, ‘थर ५, जोर्वे.’ माझ्याबरोबर खणणारे मामा म्हणाले होते, “इथं माती मऊ लागतीया, हात घातला की जातीया.” मी ऐकलं, आणि पुढच्या पाटीकडे वळलो.

निकाल आला तो साधारण ४०० वर्षांचा. जोर्वे संस्कृतीचा काळ इसवी सनपूर्व १४०० च्या आसपास सुरू होतो, म्हणजे जवळपास तीन हजार वर्षांची तफावत. माझी पहिली प्रतिक्रिया नवशिक्याची ठरलेलीच: ‘प्रयोगशाळेचं काहीतरी चुकलंय.’ सरांनी एक शब्द न बोलता खंदकाच्या उत्तर भिंतीचा फोटो पुढे ठेवला. नखाने दाखवल्यावर मला दिसलं. वरच्या थराच्या तळापासून एक अरुंद तोंड खाली उतरत होतं आणि दीड मीटरनंतर मडक्याच्या पोटासारखं फुगत होतं. ते पेव होतं. धान्य साठवायचं, मध्ययुगातलं. त्याचं तोंड माझ्या खंदकाच्या काठावर होतं आणि पोट थेट माझ्या ‘थर ५’मध्ये शिरलेलं.

खापऱ्या जोर्वेच्या कशा, तर पेव खणणाऱ्यांनी जुनी माती उकरून वर टाकली आणि पुढे पेव निकामी झाल्यावर तीच माती आत ढकलली. जुन्या खापऱ्या, नवा कोळसा, एकाच ढिगात. प्रयोगशाळेने कोळशाचं वय अचूक सांगितलं होतं. तो कोळसा कोणत्या थराचा, हे सांगणं माझं काम होतं आणि तिथे मी झोपलो होतो.

यातला नियम लक्षात ठेवायचा तो असा: खड्डा ज्या ज्या थरांना कापतो त्या सगळ्यांपेक्षा तो नंतरचा असतो, आणि खड्ड्यातली भर खड्ड्यापेक्षाही नंतरची. खड्ड्याचा तळ किती खोल आहे याला काही अर्थ नाही. त्याचं तोंड कुठल्या थरातून सुरू होतं ते बघायचं. आणि थराचा काळ ठरवताना त्यातली सगळ्यांत नवी वस्तू मोजायची, सगळ्यांत जुनी नव्हे. सातवाहनांचं नाणं सापडलं म्हणून थर सातवाहनकाळाच्या आधीचा नाही एवढंच कळतं. नंतरचा कितीही असू शकतो.

खड्डा ओळखायचा कसा? माझी सवय सांगतो. सकाळी ऊन तिरपं असताना भिंत करणीने ताजी तासायची, फवाऱ्याने हलकं पाणी मारायचं आणि पाच मिनिटं नुसतं बसायचं. ओल वाळताना भरीची माती आणि मूळची माती वेगवेगळ्या वेळी फिकट होतात, कडा तेव्हा उमटते. दुपारी बाराच्या उन्हात काही दिसत नाही, तेव्हा चहा प्यावा. दुसरी खूण खापऱ्यांची: तुडवलेल्या जमिनीवर त्या आडव्या पडलेल्या असतात, भरीत उभ्या-तिरप्या अडकलेल्या. आणि तिसरी, मामा ‘मऊ लागतंय’ म्हणाले की थांबायचं. संशय आला तर पूर्ण खड्डा उपसायचा नाही. अर्धाच कापायचा, म्हणजे उरलेल्या अर्ध्याची भिंत वाचता येते. हे सगळं कंटाळवाणं आहे. घाईच्या लोकांना पाचव्या दिवशी ‘तळाचा’ थर गाठायचा असतो. त्यांना तो मिळतोही, नावापुरता.

काळ्या जमिनीत अजून एक भानगड असते. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भेगेतून वरचा कोळशाचा कण, धान्याचा दाणा सरळ खाली जातो. म्हणून एकट्यादुकट्या दाण्यावर मी विश्वास ठेवत नाही. चुलीत किंवा कणगीच्या तळाशी एकत्र सापडलेले दाणे हवेत.

आता नमुना काय निवडायचा. सागाच्या जळालेल्या खांबाचा कोळसा जड आणि रुबाबदार दिसतो, मुलं तोच उचलतात. पण कार्बन-१४ सांगतो ते लाकडाची ती वर्तुळं वाढली तेव्हाचं वय. घर जळालं तेव्हाचं नव्हे. झाड शंभर-दीडशे वर्षांचं असेल, गाभ्याचा तुकडा घेतला असेल आणि खांब आधीच्या घरातून काढून वापरलेला असेल, तर घर फुकटचं दोनशे वर्षं म्हातारं होतं. त्यापेक्षा एका हंगामात वाढून संपणारं काहीतरी शोधावं. घोड नदीकाठच्या इनामगावात जळालेला सातू आणि बोराच्या आठळ्या मिळाल्या आहेत. असा सातूचा दाणा दिसायला क्षुल्लक असतो, पण तो कापला गेला त्याच वर्षाचं बोलतो. पूर्वी चाचणीला काही ग्रॅम कोळसा लागायचा, त्यामुळे खांबाशिवाय इलाज नव्हता. आता कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरकाच्या पद्धतीत काही मिलिग्रॅमवर भागतं, म्हणजे ती सबब उरलेली नाही.

आणि कृपा करून नमुना हाताने चोळू नका, कापसात गुंडाळू नका, पिशवीत कागदाची चिठ्ठी कोंबू नका. कापूस आणि कागद हाही कार्बनच.

आता दुसरी लाडकी चूक, वजाबाकीची. अहवालात ‘२४५० ± ३० बीपी’ लिहिलेलं असतं. बीपी म्हणजे १९५० पासून मागे. मुलं २४५० मधून १९५० वजा करतात, ५०० येतात, आणि उत्तरात ‘इ.स.पू. ५००, म्हणजे बुद्धकाळ’ असं ठोकून देतात. वजाबाकी बरोबर, उत्तर चूक.

कारण असं: ही वर्षं पंचांगाची नाहीत. विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखंच होतं असं धरलं होतं. ते तसं नव्हतं, कमीजास्त होत गेलं. वय माहीत असलेल्या झाडांची वर्तुळं एकेक मोजून त्याचा आलेख बनवला आहे आणि प्रत्येक वय त्यावरून पंचांगाच्या वर्षांत बदलून घ्यावं लागतं. हे OxCal या फुकटच्या संगणकीय प्रोग्रॅममध्ये एका ओळीचं काम आहे:

```
R_Date("Namuna-1", 2450, 30);
```

उत्तर येतं साधारण इ.स.पू. ७५० ते ४१०, ९५ टक्के खात्रीने. साडेतीनशे वर्षांचा पट्टा! याला प्रयोगशाळेचा दोष नाही. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात तो आलेखच जवळजवळ आडवा आहे. त्यामुळे ७०० चं धान्य आणि ४५० चं धान्य मोजल्यावर एकाच वयाचं दिसू शकतं. नेमका हाच काळ महाजनपदांचा आणि बुद्धाचा, आणि विदर्भातल्या शिळावर्तुळांचाही बराचसा. तेव्हा या काळातली एकच तारीख दाखवून कोणी ‘इ.स.पू. ५८०’ असं ठामपणे सांगू लागलं, की पट्टा केवढा होता ते आधी विचारायचं. त्याउलट ३००० ± ३० घेतलं तर वजाबाकीने १०५० येतात आणि खरा पट्टा साधारण १३८० ते ११२५ असतो. वजाबाकीचं उत्तर पट्ट्यात बसलंही नाही!

पट्टा अरुंद कसा करायचा, तर पुन्हा थरांकडे जाऊन. एकावर एक तीन जमिनी असतील आणि तिन्हींवरचे दाणे मोजले, तर खालचा वरच्यापेक्षा नवा असू शकत नाही ही माहिती गणितात घालता येते. मग प्रत्येक पट्ट्यातला अशक्य भाग गळून पडतो. पण क्रम चुकीचा घातला, म्हणजे पेवातला दाणा ‘खालची जमीन’ म्हणून दिला, तर तेच गणित तितक्याच आत्मविश्वासाने खोटं उत्तर देतं.

जुने अहवाल वाचताना आणखी एक बघा. अर्धायुष्य म्हणजे अर्धा कार्बन-१४ नाहीसा व्हायला लागणारा काळ. प्रमाणित वयं लिबी यांच्या ५५६८ वर्षांच्या अर्धायुष्यावर काढतात, पण काही भारतीय अहवालांत ५७३० वर काढलेली वयं छापलेली आहेत. तीन हजार वर्षांमागे सुमारे ९० वर्षांचा फरक पडतो. तळटीप न वाचता दोन तक्ते एकत्र करू नका.

दगडाची, धातूची तारीख कार्बन-१४ ने ‘काढणाऱ्यांना’ एका ओळीत: ज्यात सजीवाचा कार्बन नाही त्याला ही पद्धत लागू नाही. आणि ५० हजार वर्षांपलीकडेही नाही, म्हणून कुकडीकाठच्या बोरी गावची अश्मयुगीन हत्यारं तिच्या आवाक्याबाहेर आहेत.

धातूवरून प्रवरेकाठचं दायमाबाद आठवतं. १९७४ मध्ये तिथे झाडाचं मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा असे चार कांस्यपुतळे निघाले. सगळ्यांचं वजन मिळून ६० किलोंच्या वर. नंतर तिथे रीतसर उत्खनन झालं, हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाचे थरही मिळाले, आणि पुष्कळ अभ्यासक पुतळे त्याच काळाचे मानतात. पण पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवलं. एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक त्या काळाच्या इतर वस्तूंत दिसत नाही. मग पुतळे कधीचे? ते ज्या मातीत होते ती त्या दिवशी कुदळीने उपसली गेली. तिचा रंग, तिची कडा, तिच्यातला एखादा जळका दाणा कोणी बघितलेला नाही.