क्लिअर मधेच पडतो? दंडाला दोष देऊ नका, मूठ बघा : शालेय बॅडमिंटनमधल्या या चुका टाळा

आठवी ते दहावीच्या मुलांना बॅडमिंटन शिकवताना बहुतेक शाळांत एकच क्रम दिसतो. पहिल्या तासाला रॅकेट हातात, दुसऱ्या तासाला मॅच, आणि तिसऱ्या तासापासून तक्रार, "सर, फूल मागपर्यंत जातच नाही." मग मुलांना मनगटाचे व्यायाम दिले जातात. फूल मागे न जाण्याचं कारण दहापैकी आठ वेळा मनगटात नसतं. ते मुठीत असतं, आणि उरलेलं पायात.

झाऱ्यासारखी पकड

नवख्या मुलाच्या हातात रॅकेट द्या. तो ती पोळी उलटायचं उलथनं धरावं तशी धरतो : जाळी सपाट, तोंड नेटकडे, अंगठा आणि तर्जनी मुठीच्या अरुंद बाजूंवर. अशी पकड नेटजवळ फूल ढकलायला बरी वाटते, म्हणून मुलं ती सोडत नाहीत. डोक्यावरून मारताना मात्र ती घात करते. क्लिअरचा, म्हणजे समोरच्या मागच्या रेषेपर्यंत उंच मारलेल्या फटक्याचा, खरा वेग कोपराच्या पुढचा हात आतल्या बाजूला फिरण्यातून येतो. फुलाकडे आधी रॅकेटची कड जाते आणि शेवटच्या क्षणी हात फिरून जाळी समोर येते. झारा पकडीत जाळी आधीपासूनच समोर असते, त्यामुळे फिरायला काही शिल्लकच राहत नाही. मग मुलगा फूल मारत नाही, खांद्याने ढकलतो.

दुरुस्ती सोपी आहे. डाव्या हाताने रॅकेटचा गळा धरा, जाळी जमिनीला काटकोनात ठेवा आणि उजव्या हाताने मुठीशी हस्तांदोलन करा. मुठीला आठ कडा असतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला इंग्रजी 'व्ही' वरच्या अरुंद बाजूच्या डावीकडच्या तिरक्या कडेवर आला पाहिजे (डावखुऱ्यांना उलट). आम्ही त्या कडेवर स्केचपेनने रेघ ओढून ठेवतो, तोंडी सांगून कोणाच्या लक्षात राहत नाही. बोटं सैल ठेवा आणि फुलाला भिडतानाच आवळा. सुरुवातीपासून मूठ करकचून धरली की हात फिरतच नाही.

आता एक नमुना बघा. नववीतला उजव्या हाताने खेळणारा मुलगा, क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू फेकणारा. क्लिअर मात्र पुढच्या सर्व्हिस रेषेच्या मीटर-दीड मीटर मागे पडतो. त्याला पाण्याच्या बाटलीने मनगटाचे व्यायाम दिले, मग जड रॅकेट दिली. पंधरा दिवसांनी क्लिअर तिथेच आणि खांदा दुखायला लागलेला. बाजूला उभं राहून नीट पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात : झारा पकड, दोन्ही पायांचे चवडे नेटकडे, आणि फूल डोक्याच्या मागे गेल्यावर घेतलेला फटका.

आधी फक्त पकड बदलायची. फुलाशिवाय वीस वेळा डोक्यावरून कुऱ्हाड मारल्यासारखी कड पुढे, मग त्याच हालचालीत शेवटी हात फिरवायचा. त्यानंतर तीन मीटरवरून हाताने उंच फेकलेलं फूल मारायचं. इथे पहिले दोन-तीन तास खेळ आणखी बिघडतो. हात पुरेसा फिरत नाही, म्हणून फूल डावीकडे सटकतं किंवा फ्रेमला लागतं. नेमकं याच टप्प्यावर मुलं गुपचूप झाऱ्यावर परत जातात आणि शिक्षकही "राहू दे, त्याला तसंच जमतं" म्हणतात. राहू द्यायचं नाही. त्या तासांत मॅच बंद ठेवा. कुरकुर होईल, होऊ द्या.

पकड बसल्यावर उभं राहणं : डावा खांदा नेटकडे, उजवा पाय मागे, डावा हात फुलाकडे वर, उजवं कोपर खांद्याच्या उंचीला. फूल उजव्या खांद्याच्या वर आणि किंचित पुढे भेटलं पाहिजे. उंच उडून मधेच पडलं तर ते डोक्याच्या मागे घेतलंय. सपाट गेलं तर फार पुढे घेतलंय. इतकं ओळखता आलं की "जोर लाव" हे वाक्य वापरायची गरज उरत नाही. लक्ष्य म्हणून शेवटची रेघ आणि तिच्या आत 76 सेंमीवर असलेली दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेघ यांच्यामधला पट्टा दाखवा.

मुलाला दोष देण्याआधी फूलही तपासा. मागच्या रेषेवरून खालून वर पूर्ण ताकदीने मारलेलं चांगलं फूल समोरच्या मागच्या रेषेच्या 53 ते 99 सेंमी आत पडतं. ही चाचणी शिक्षकाने स्वतः करायची. फाटक्या घेराच्या नायलॉन फुलाने कोणाचाच क्लिअर बसत नाही.

मागे धावणं, तेही पाठमोरं

फूल डोक्यावरून गेलं की मुलं नेटकडे तोंड ठेवून टाचांवर मागे पळतात. फूल डोक्यामागे जातं ते इथेच, आणि मुलं पाठीवर पडतात तीही इथेच. पहिलं पाऊल उजव्या पायाचं, मागे आणि तिरकं, कंबर वळवून. मग डावा पाय उजव्याजवळ आणायचा, पुन्हा उजवा मागे. समोरचा मारतो त्याच क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी हवी. ती नसेल तर पहिलं पाऊलच उशिरा पडतं. सहा कोपऱ्यांचं फुटवर्क आधी फुलाशिवाय करून घ्या. मुलांना कंटाळा येतो, पण फुलासोबत पाय शिकवता येत नाहीत, कारण त्यांची नजर फुलावर असते.

नेटजवळ झेप घेताना टाच आधी टेकवायची, आणि गुडघा आत झुकू द्यायचा नाही. जाड टाचांचे धावायचे बूट नकोत, घोटा मुरगळतो.

दुहेरीत "ही तुझी बाजू, ही माझी"

कोर्ट उभं दोन भागांत वाटून घेतलं की भांडण मिटतं, म्हणून मुलांना ही वाटणी आवडते. पण ती फक्त बचावाची रचना आहे. आपण फूल वर उचललं, म्हणजे क्लिअर किंवा लिफ्ट मारली, तर दोघं शेजारी-शेजारी. आपण खाली मारलं, तर एक पुढे, एक मागे. कोण कुठे उभा आहे यावर रचना ठरत नाही. आपल्या फटक्याने फूल कुठल्या दिशेला गेलं यावर ठरते.

आखूड क्लिअरचा हिशेब इथे चुकता होतो. मागचा मुलगा क्लिअर मारतो आणि तिथेच थांबतो. पुढचा नेटजवळच उभा राहतो, वर मागे वळून भिडूचं काय चाललंय ते बघतो. फूल मधेच पडतं, समोरचा स्मॅश मारतो आणि तो पुढच्याच्या छातीवर येतो. क्लिअर मारल्याबरोबर पुढच्याने तिरकं मागे यायचं आणि मागच्याने दुसऱ्या अर्ध्याच्या मध्यावर. मागे वळून बघायचं नाही. भिडूच्या फटक्याचा आवाज आणि समोरच्याची रॅकेट पुरेशी आहे.

हल्ल्यात पुढचा खेळाडू नेटला नाक लावून उभा राहिला तर डोळ्यासमोरून जाणारं फूल त्याला दिसतं, पण पकडता येत नाही. पुढच्या सर्व्हिस रेषेच्या एक पाऊल मागे थांबा, रॅकेट छातीच्या वर.

मधल्या फुलावर दोघांच्या रॅकेटी आपटतात. दोघं उजव्या हाताचे असतील तर डावीकडच्याने घ्यायचं, त्याचा फोरहँड तिथे येतो. हे मॅचआधी ठरवा, रॅकेट तुटल्यावर नको.