डिझाइनवरून रिव्ह्यूत भांडण होतंय? या चुका टाळा, यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्यात

रिफंडचा कोड होता. टीममधल्या एका ज्युनियर मुलीने पीआर टाकला आणि त्यावर मी कमेंट केली, इंग्रजीत होती पण अर्थ साधारण असा की "असं कोण लिहितं? हे क्यूमध्ये जायला पाहिजे, एवढं तर उघड आहे." टाकली आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर खाली तिचं चार परिच्छेदांचं उत्तर, त्याखाली माझं त्याहून लांब उत्तर, असं करत तीन दिवस गेले आणि सोळा कमेंट झाल्या. मजा म्हणजे त्या कोडमध्ये खरा जो बग होता तो त्या सोळा कमेंटमध्ये एकदाही आला नाही.

आधी कोड बघा, म्हणजे पुढचं कळेल.

```python
for i in range(3):
    try:
        return gateway.refund(payment_id, amount, timeout=10)
    except Timeout:
        time.sleep(2 * (i + 1))
```

सपोर्टचा माणूस स्क्रीनवर रिफंडचं बटण दाबतो, त्या रिक्वेस्टमध्येच हे चालतं. गेटवेने 10 सेकंदात उत्तर दिलं नाही तर थोडं थांबून परत प्रयत्न, असे तीन प्रयत्न.

चूक पहिली: निकाल सांगितला, कारण नाही

"असं कोण लिहितं" यात माहिती किती? शून्य. वाचणाऱ्याला एवढंच कळतं की समोरच्याला आपण मूर्ख वाटतोय, मग ती कोड वाचवायला नाही, स्वतःला वाचवायला उत्तर देते. आणि "उघड आहे", "सरळ", "फक्त" हे शब्द तर मीठ चोळल्यासारखे लागतात, कारण तिला ते उघड असतं तर तिने तसं लिहिलंच नसतं ना. "तू हे का केलंस" हेसुद्धा तसंच. तुम्ही खरंच विचारत असाल, पण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, त्यामुळे ते घरी उशिरा आल्यावर वडील विचारतात तसं ऐकू येतं.

मी गोड बोलायला सांगत नाहीये, "प्लीज" लावून उद्धटपणा जात नाही. कमेंटमध्ये कोड कधी आणि कसा पडेल ते लिहा. माझी कमेंट अशी हवी होती:

"गेटवे पूर्ण गप्प असेल तर 10 + 2 + 10 + 4 म्हणजे 26 सेकंदांनी तिसरा प्रयत्न सुरू होतो. आपण गनिकॉर्नचे साधे सिंक वर्कर वापरतो आणि टाइमआउट डीफॉल्टच ठेवलाय, 30 सेकंद. म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाच्या चौथ्या सेकंदाला वर्कर मारला जाईल, सपोर्टला एरर दिसेल आणि रिफंडचं काय झालं हे आपल्या डेटाबेसला कळणार नाही. हे टाळायला रिट्राय बाहेर काढता येईल का?"

यात "तू" कुठेच नाही. वाद घालायचाच असेल तर आकड्यांशी घालावा लागेल, आणि आकडा चुकला असेल तर तो दुरुस्त करण्यात कोणाची इज्जतही जात नाही. दुसरा फायदा लेखकापेक्षा रिव्ह्यूअरलाच जास्त होतो. कसा कोसळेल हे लिहायला बसलं की कधीकधी लक्षात येतं, अरे, हे कोसळतच नाहीये, मला फक्त आवडत नाहीये. मग ती कमेंट एकतर पुसा नाहीतर पुढे `nit:` लावा, म्हणजे "पटलं तर बदल, नाहीतर राहू दे".

(टीममध्ये एखादा असतोच जो म्हणतो लिनक्सवाला लिनस टोरवाल्ड्सपण शिव्या घालायचा की. हो, घालायचा. पण 16 सप्टेंबर 2018 ला लिनक्स कर्नल 4.19-rc4 च्या घोषणेतच त्याने आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे सुट्टी घेतली, 4.19 ची फायनल रिलीज ग्रेग क्रोआ-हार्टमनने केली. त्यामुळे ते उदाहरण आता जपून वापरा.)

चूक दुसरी: डिझाइनचा मुद्दा बारीकसारीक कमेंटमध्ये पुरला

क्यूवाल्या कमेंटसोबत मी त्याच पीआरवर अकरा कमेंट अजून केल्या होत्या, व्हेरिएबलचं नाव, लॉगची लेव्हल, एक उगाचची रिकामी ओळ. डोक्यात तेव्हा "सगळं एकदाच सांगून टाकू" असं होतं. पण समोरून दिसतं ते असं की हा माणूस माझ्या प्रत्येक ओळीवर बसलाय. आणि गंमत बघा, रिट्राय बाहेर काढायचा ठरला असता तर त्या अकरापैकी सात कमेंट ज्या ओळींवर होत्या त्या ओळीच उडाल्या असत्या.

आता मी असं करतो, डिझाइनवर शंका असेल तर ओळींवर काहीच लिहायचं नाही. वर एकच कमेंट, "बाकीचं अजून वाचलं नाहीये, आधी हे एक ठरवू", आणि थांबायचं. आणि पीआर मोठा असेल, सहाशे-सातशे ओळींचा, तर ती कमेंटसुद्धा फोनवरच बोलावी, कारण कोणीतरी आठवडा घालवलाय त्यात आणि "रचनाच चुकली" हे वाचणं आणि ऐकणं यात फरक पडतो.

चूक तिसरी: दोघांनी दोन उत्तरं पकडली, प्रश्न कोणीच बघितला नाही

आमचं खरं घोडं इथेच अडलं होतं. मी म्हणत होतो क्यू, ती म्हणत होती रिक्वेस्टमध्येच. सोळा कमेंट त्यावरच. चौथ्या दिवशी तिसऱ्या एका सहकाऱ्याने आम्हाला कॉलवर घेतलं आणि एकच नियम लावला, आधी प्रत्येकाने समोरच्याची बाजू सांगायची, समोरचा "हो, हेच" म्हणेपर्यंत. बालवाडीतला खेळ वाटतो, मलाही वाटला.

पण तिची बाजू सांगता सांगता मला पहिल्यांदा कळलं की तिला क्यू येत नाही म्हणून तिने टाळला असं मी धरून चाललो होतो. खरं कारण वेगळंच होतं. सपोर्टचा माणूस ग्राहकाला फोनवर धरून असतो, त्याला लगेच "रिफंड झाला" सांगायचं असतं, आणि हे तिला सपोर्टच्याच लोकांनी सांगितलं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. तिकडे ती माझी बाजू सांगत होती, "वर्कर मेला तर रिफंड झाला की नाही हे कळत नाही", आणि बोलता बोलता तीच थांबली आणि म्हणाली, पण मग टाइमआउट आला तरी कुठे कळतंय?

बरोबर. टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही, रिफंड झाला नाही असं नाही. समजा 1,200 रुपयांची ऑर्डर, त्यातले 300 परत द्यायचेत. पहिल्या प्रयत्नाला गेटवेने पैसे दिले पण उत्तर उशिरा आलं, दुसऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही, की झाले 900. पूर्ण रक्कम परत करायची असेल तर दुसऱ्यांदा गेटवे नकार देतो कारण परत द्यायला काही उरलेलंच नसतं, म्हणून टेस्टमध्ये हे कधी दिसलंच नव्हतं, आमच्या टेस्ट सगळ्या पूर्ण रिफंडच्या. आणि माझा लाडका क्यू? तोही टाइमआउटवर रिट्राय करणारच, म्हणजे हेच 900 जरा आरामात, बॅकग्राउंडमध्ये गेले असते. तीन दिवस मी ज्यासाठी भांडत होतो त्याने हा बग सुटत नव्हता.

सुटतो तो आयडेम्पोटन्सी कीने. एक की बनवायची, रिफंडच्या रेकॉर्डसोबत साठवायची आणि प्रत्येक प्रयत्नात तीच पाठवायची, मग तेच काम दुसऱ्यांदा आलंय हे गेटवेला कळतं (गेटवेला ही सोय असायला हवी, आमच्याला होती). लूपच्या आत दरवेळी नवीन की बनवली तर उपयोग शून्य, आणि हे करणारे लोक मी पाहिलेत. मग ठरलं असं: रिक्वेस्टमध्ये एकच प्रयत्न, 8 सेकंद, बहुतेक वेळा तेवढ्यात उत्तर येतं आणि सपोर्टचं काम होतं. नाही आलं तर रेकॉर्ड पेंडिंग, स्क्रीनवर "प्रोसेस होतंय", आणि पुढचे प्रयत्न त्याच कीने बॅकग्राउंड जॉबमध्ये. कॉल पंचवीस मिनिटांचा झाला.

वाद या वळणावर गेलाय हे ओळखायची खूण सोपी आहे: दोन फेऱ्या झाल्या आणि नवीन माहिती काहीच आली नाही, फक्त वाक्यं लांब होतायत. तिथे टाइप करणं थांबवा आणि बोला. बोलून झाल्यावर जे ठरलं ते चार ओळीत पीआरवर लिहा, काय नाकारलं आणि का तेही, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारेल हे सरळ क्यूमध्ये का नाही टाकलं. मीच विचारेन कदाचित.

चूक चौथी: दोन्ही पर्याय चालतात तरी अडवून ठेवणं

कधीकधी बोलूनही दोन्ही डिझाइन सारखेच ठीक निघतात. गूगलने त्यांच्या रिव्ह्यूचे नियम सगळ्यांसाठी खुले ठेवलेत, त्यात यावर स्पष्ट लिहिलंय की अनेक मार्ग सारखेच योग्य आहेत हे लेखकाने डेटाने किंवा इंजिनियरिंगच्या तत्त्वांनी दाखवलं तर रिव्ह्यूअरने लेखकाची पसंती मान्य करावी. मला हे पटतं, कारण रात्री दोनला फोन तिलाच येणारे.

आणि `Request changes` हे बटण जपून दाबा. गिटहबवर ब्रँचला रिव्ह्यूची अट लावलेली असेल तर तुम्ही स्वतः अप्रूव्ह करेपर्यंत किंवा कोणीतरी तुमचा रिव्ह्यू डिसमिस करेपर्यंत मर्ज अडतो. मी एकदा ते दाबून गणपतीला गावी गेलो होतो. पुढचं सांगत नाही.

लेखकाच्या बाजूच्या दोन चुका

पहिली म्हणजे लगेच उत्तर देणं. टोचणारी कमेंट आली की त्यातून टोचणारा भाग वगळून उरलेलं एका वाक्यात लिहून बघा, "म्हणजे तुमचं म्हणणं असं का, की रिक्वेस्ट फार वेळ अडकेल? किती वेळ चालेल आपल्याला?" या प्रश्नाला मला आकडा द्यावाच लागला असता, आणि द्यायला माझ्याकडे त्या क्षणी तो नव्हता. दुसरी चूक याच्या उलट, मनात धुमसत "डन" लिहून सगळं बदलून टाकणं. तिने पहिल्याच दिवशी तसं केलं असतं तर क्यू आला असता, सपोर्ट वैतागलं असतं आणि 900 रुपये जायचे ते गेलेच असते.

एवढं करूनही कमेंट तशाच येत राहिल्या तर त्या माणसाच्या इतरांच्या पीआरवरच्या कमेंट वाचा, बहुतेक ठिकाणी त्या टीममध्ये सगळ्यांना दिसतात. सगळ्यांशी तसाच असेल तर ती सवय आहे, वरचे उपाय आणि एकदा समोरासमोर सांगणं पुरतं. फक्त तुमच्याशीच किंवा फक्त ज्युनियर लोकांशीच तसा असेल तर शब्दरचना बदलून काही होणार नाही, तीन-चार कमेंटच्या लिंक घेऊन मॅनेजरशी खाजगीत बोला, पीआरच्या थ्रेडमध्ये नाही.

मला त्या कॉलनंतर कोणी काही बोललं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या पीआरवर तिची कमेंट आली, "हा जॉब दोनदा चालला तर काय होईल?" दोनदा ईमेल गेला असता.