येऊरच्या चढावर माझा पेस किती होता?

पळायला लागून चार महिने झाले होते. रविवारी सकाळी ठाण्यातल्या उपवन तलावापासून येऊरचा चढ चढून मी परत खाली आले. घड्याळात ६.४ किलोमीटर दिसत होते. किलोमीटरवार वेळा अशा होत्या: ६:१०, ७:२५, ८:०५, ६:२०, ५:३५, ५:५०. उरलेल्या ०.४ किलोमीटरसमोर ५:०० लिहिलं होतं, कारण शेवटी तलावाकाठी मी जोरात पळाले होते. सातही आकड्यांची बेरीज केली, सातने भागलं, आणि एका किलोमीटरला लागलेला सरासरी वेळ, म्हणजे माझा पेस, ६:२१ आला. आमच्या ग्रुपमधल्या काकांना आनंदाने सांगितलं.

काकांनी एवढंच विचारलं, "एकूण वेळ किती लागला गं?"

"एक्केचाळीस मिनिटं पंचवीस सेकंद."

"मग त्याला ६.४ ने भाग. आणि आधी सगळ्याचे सेकंद कर."

४१:२५ म्हणजे २४८५ सेकंद. भागिले ६.४, म्हणजे ३८८. हे झाले ६ मिनिटं २८ सेकंद. माझ्या हिशेबात किलोमीटरमागे सात-आठ सेकंद कमी धरले गेले होते, आणि दहा किलोमीटरला तोच फरक सव्वा मिनिटाच्या वर जातो. त्या पेसवर पुढच्या शर्यतीचं गणित बांधलं असतं, तर सुरुवातीपासूनच मी झेपणार नाही इतकं वेगात पळाले असते.

चूक शेवटच्या ओळीत होती. तिथे दिसणारे ५:०० म्हणजे त्या तुकड्याला लागलेला वेळ नव्हे, तो त्या तुकड्याचा पेस. प्रत्यक्षात ४०० मीटरला दोनच मिनिटं लागली होती. मी मात्र त्या अर्ध्यामुर्ध्या तुकड्याला पूर्ण किलोमीटरइतकं वजन दिलं. पहिल्या सहा आकड्यांची साधी सरासरी काढायला काहीच हरकत नाही, मग त्यात ५:३५ आणि ८:०५ इतका फरक असला तरी चालतं, कारण सगळ्यांचं अंतर सारखंच आहे. ती येते ६:३४. अडचण फक्त अपुऱ्या तुकड्याची.

नवीन मंडळींची आणखी एक गफलत मी हमखास पाहते. कॅल्क्युलेटरवर ४१.२५ टाकून ६.४ ने भागतात. उत्तर येतं ६.४४, आणि ते ६ मिनिटं ४४ सेकंद म्हणून वाचलं जातं. मिनिटात साठ सेकंद असतात, शंभर नव्हे. ४१:२५ म्हणजे दशांशात ४१.४२. त्याचं उत्तर ६.४७ आलं, तरी तेही ६:४७ नाही. ०.४७ ला साठने गुणायचं, तेव्हा २८ सेकंद मिळतात.

पळताना तोंडी हिशेब करायचा तर काकांनी शिकवलेली रीत मला सगळ्यात आवडते. सोयीचा एक पेस पाया धरायचा, समजा ६:००. मग प्रत्येक किलोमीटरला किती सेकंद वर-खाली झाले तेवढंच मोजायचं. माझे होते +१०, +८५, +१२५, +२०, −२५, −१०, म्हणजे एकूण +२०५. आता ०.४ किलोमीटर ६:०० च्या पेसने १४४ सेकंदांत झाले असते, मला लागले १२०, म्हणून −२४. उरले +१८१. भागिले ६.४, साधारण २८. उत्तर ६:२८. चढावर प्रत्येक किलोमीटर संपताच एक छोटी बेरीज करायची, मोठे आकडे डोक्यात ठेवावे लागत नाहीत.

ताशी वेगाची सरासरी मात्र इथे काढू नका. समजा, ३ किलोमीटर चढ ८:०० च्या पेसने, म्हणजे ताशी ७.५ किलोमीटरने, आणि तेवढाच उतार ६:०० ने, म्हणजे ताशी १० ने केला. वेगांची सरासरी ८.७५ येते, तिचा पेस होतो ६:५१. खरे तर ६ किलोमीटरला ४२ मिनिटं लागली, म्हणजे पेस ७:००. चढावर आपण जास्त वेळ घालवतो, ते वेगांच्या सरासरीत दिसतच नाही.

एकूण वेळ कुठला धरायचा हेही बघून घ्या. वर पाण्यासाठी मी ३ मिनिटं २० सेकंद थांबले होते आणि घड्याळ आपोआप थांबलं होतं. तो वेळ धरला तर ४४:४५ होतात आणि पेस जवळजवळ ७:०० वर जातो. शर्यतीत वेळ मोजणारी चिप थांबत नाही, म्हणून शर्यतीच्या तयारीत मी हाच आकडा धरते. आणि येऊरच्या दाट झाडीत जीपीएस अंतर थोडं इकडेतिकडे दाखवतं. ६.४ किलोमीटरमध्ये ६४ मीटरची चूक झाली, तरी पेस चार सेकंदांनी हलतो. त्यामुळे त्या रस्त्यावरच्या दोन रविवारांत दोन-तीन सेकंदांचा फरक दिसला, तर मी त्याला सुधारणा म्हणत नाही.