रूट कॅनल फसल्यावर पुन्हा करायचं की शस्त्रक्रिया? निर्णयातल्या या चुका टाळा

रूट कॅनल केलेल्या दाताजवळ हिरडीवर पुटकुळी आली किंवा एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, की पेशंट लगेच विचारतात, "डॉक्टर, दोन्हींपैकी यश कशात जास्त?" प्रश्न रास्त आहे, पण तो विचारायची ती वेळ नसते. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: जंतू नेमके कुठे दडलेत, आणि त्यांच्यापर्यंत वरून म्हणजे दातातून पोचता येईल की खालून म्हणजे हाडातून. याचं उत्तर मिळालं की निर्णय बराचसा झालेला असतो.

चूक पहिली: सावली दिसली म्हणजे फसलंच असं समजणं

मुळाच्या टोकाशी झिजलेलं हाड भरून यायला वेळ लागतो. उपचाराआधीची सावली मोठी असेल तर वर्षभरानंतरही ती थोडी उरलेली दिसते. ती कमी होत असेल तर चार वर्षांपर्यंत वाट पाहण्यात गैर काही नाही. म्हणून आजचा एक एक्स-रे पाहून निकाल देता येत नाही, जुने एक्स-रे शेजारी ठेवावे लागतात. याउलट आधी नसलेली सावली आता आली, असलेली वाढली किंवा हिरडीतून पू येऊ लागला, तर मग दुखत नसलं तरी ते अपयशच. कितीतरी फसलेल्या रूट कॅनल अजिबात दुखत नाहीत, आणि "दुखत नाही ना, मग राहू द्या" म्हणता म्हणता हाड झिजत जातं.

चूक दुसरी: मुळाला चीर आहे का हे न तपासणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, कारण मूळ उभं चिरलं असेल तर दोन्ही उपचार वाया जातात. तपासणी साधी आहे. हिरडी आणि दात यांच्या फटीत बारीक मोजपट्टीसारखा प्रोब हळूहळू फिरवत न्यायचा. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच अरुंद जागी तो अचानक आठ-नऊ मिलिमीटर आत गेला, तर चिरेचा संशय घ्यायचा. फक्त संशयच, कारण मुळाच्या टोकाचा पूही कधीकधी त्याच वाटेने बाहेर पडतो. सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवरही फार विसंबू नये. आत भरलेलं रबरासारखं गटापर्चा आणि कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेला धातूचा पोस्ट यांमुळे प्रतिमेत रेघा उमटतात आणि बारीक चीर त्यांत हरवते. खात्री होते ती प्रत्यक्ष पाहून: दात उघडून किंवा हिरडी उचलून, रंग लावून, मायक्रोस्कोपखाली. एकाच मुळाचा दात असा चिरलेला निघाला तर तो काढणंच शहाणपणाचं.

चूक तिसरी: कॅप वाचावी म्हणून शस्त्रक्रिया निवडणं

एक दाढ घेऊन पाहू. वरची पहिली दाढ, सहा वर्षांपूर्वी रूट कॅनल करून कॅप बसवलेली. काही महिन्यांपासून चावताना ठसठसतं, गालाच्या बाजूला हिरडीवर पुटकुळी येते आणि जाते. साध्या एक्स-रेत तिन्ही कॅनल, म्हणजे मुळांतल्या नळ्या, टोकापर्यंत भरलेल्या दिसतात, काम नीटनेटकं वाटतं. पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची बारीक काडी आत सरकवून एक्स-रे काढला, तर काडी पुढच्या, गालाकडच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबते. म्हणजे पू कोणत्या मुळाचा हे कळलं.

पण का? त्या जागेचा छोटा सीबीसीटी काढल्यावर दिसतं की या मुळातलं भरण मधोमध नाही, एका बाजूला सरकलेलं आहे. रुंद मुळात भरण असं कडेला दिसलं, की दुसऱ्या बाजूला न उघडलेली कॅनल असल्याची दाट शक्यता असते. वरच्या पहिल्या दाढेच्या या मुळात बहुतेक वेळा दोन कॅनल असतात. टाळूकडची दुसरी कॅनल बारीक, तिच्या तोंडावर दाताचंच आवरण आलेलं, त्यामुळे ती सहज सुटते.

इथे पेशंट म्हणतात, "कॅप चांगली आहे, ती कशाला बिघडवायची? खालून टोक कापून टाका." पण शस्त्रक्रियेत मुळाचं साधारण तीन मिलिमीटर टोक कापलं जातं, तिथून वर तीन मिलिमीटर पोकळी करून ती बायोसिरॅमिक किंवा एमटीए अशा सिमेंटसारख्या पदार्थाने बंद केली जाते. त्यापुढची न साफ केलेली कॅनल जंतूंसकट तशीच राहते. सगळं काम त्या एका छोट्या बुचावर सोडल्यासारखं होतं. म्हणून इथे पुन्हा रूट कॅनल हाच पहिला पर्याय.

कॅपचंही उत्तर तपासणीतच मिळतं. कडा घट्ट असतील तर कॅपला छिद्र पाडून आत जाता येतं. कडेखाली कीड असेल तर लाळ आणि जंतू तिथूनच आत झिरपत असतात, मग कॅप काढावीच लागते. ती काढल्यावर हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात उरलेला हवा, नाहीतर नवी कॅप टिकत नाही आणि दोन्ही उपचारांत अर्थ उरत नाही. मग जुनं गटापर्चा काढायचं, मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिक टोकाने दुसरी कॅनल शोधायची, सोडियम हायपोक्लोराइटने सगळं धुवायचं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून काही दिवस थांबायचं. पुटकुळी बंद झाली की भरायचं आणि वरचं पक्कं भरण लांबवायचं नाही.

शस्त्रक्रिया कधी आधी येते

आता चित्र उलटं करा. समोरचा दात, कॅनल व्यवस्थित भरलेली, कॅप घट्ट, आत लांब जाड पोस्ट, आणि तरी टोकाशी सावली वाढतेय. पोस्ट ओढताना पातळ मूळ चिरण्याचा धोका असतो, आणि वरून सुधारण्यासारखं फारसं काही नसतं. इथे शस्त्रक्रियाच योग्य. आधीच्या उपचारात कॅनलची मूळ वाट बिघडली असेल, म्हणजे भिंतीत पायरी पडली असेल किंवा भोक पडलं असेल, तरीही पारडं तिकडे झुकतं. 2004 मध्ये गोर्नी आणि गाल्यानी यांनी पुन्हा केलेल्या रूट कॅनलचा अभ्यास मांडला. वाट शाबूत असलेल्या दातांत यश सुमारे 87 टक्के होतं, बिघडलेल्यांत सुमारे 47 टक्के. माझ्या मते "यश कशात जास्त" या प्रश्नापेक्षा हा फरक कितीतरी कामाचा आहे.

शस्त्रक्रियेच्या मर्यादा जागेच्या असतात. खालच्या दुसऱ्या दाढेवर हाड जाड असतं, खालच्या उपदाढांच्या टोकांजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. हाडांसाठी बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांनी ते आधीच सांगायला हवं.

वर सांगितलेल्या दाढेत एक गोष्ट पेशंटला सुरुवातीलाच सांगून ठेवावी: दुसरी कॅनल सापडलीच नाही किंवा अर्ध्यात बंद निघाली, किंवा नीट भरूनही वर्षभरात सावली हलली नाही, तर त्याच मुळावर शस्त्रक्रिया करता येईल. ते मूळ गालाकडचं असल्याने तिथे पोचणं तुलनेने सोपं असतं. शस्त्रक्रियेत मुळाच्या टोकाशी काढलेली गाठ मात्र फेकून न देता तपासणीला पाठवायची.