रिग्रेशनचं टेबल वाचून निष्कर्ष कसा लिहायचा

टेबल समोर आलं की बरेच जण आधी पी-व्हॅल्यू बघतात आणि "सिग्निफिकंट आहे" एवढं लिहून मोकळे होतात, पण त्या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. आधी कोएफिशंट बघा आणि तो युनिटसकट लिहा.

समजा ३० विद्यार्थ्यांचा डेटा आहे, x म्हणजे आठवड्याचे अभ्यासाचे तास, y म्हणजे १०० पैकी मार्क. टेबलमध्ये तासांच्या ओळीत कोएफिशंट २.४, स्टँडर्ड एरर ०.८, t ३.०, पी-व्हॅल्यू ०.००६, आणि वर R² ०.२४. मग असं लिहा: "आठवड्याला एक तास जास्त अभ्यास करणाऱ्यांचे मार्क सरासरी २.४ ने जास्त दिसतात, आणि तासांशी काही संबंधच नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने क्वचितच दिसला असता."

आता R² चं वाक्य वेगळं लिहा, कारण पी-व्हॅल्यू छोटी म्हणजे संबंध घट्ट असं अजिबात नाही! इथे मार्कांमधल्या चढउतारापैकी साधारण २४ टक्केच तासांवरून समजतो, बाकीचा नाही. आणि कोरिलेशन विचारलं तर ०.२४ चं वर्गमूळ, म्हणजे ०.४९, चिन्ह मात्र कोएफिशंटचंच घ्या (हे फक्त एकच x असताना चालतं). "अभ्यासामुळे मार्क वाढले" असं लिहू नका, हा नुसता सर्व्हेचा डेटा आहे, प्रयोग नाही.