भरकटलेला लेख रुळावर आणताना

प्रकल्पाचे लेख तपासायला येतात तेव्हा माहिती नसलेले फार थोडे असतात. बहुतेकांत माहिती भरपूर असते, पण लेख नेमकं काय म्हणतोय ते चौथ्या परिच्छेदापर्यंत कळत नाही. अशा वेळी मी वाक्यं दुरुस्त करत नाही, आधी उलटा आराखडा काढायला लावते. नेहमीचा आराखडा लिहिण्याआधी करतात, हा लिहून झाल्यावर.

मालवणच्या एका विद्यार्थिनीचा लेख घेऊ. विषय होता पारंपरिक मच्छीमारांची, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे जाळं ओढणाऱ्या रापणकरांची अडचण. मसुदा आठ परिच्छेदांचा. मी तिला प्रिंट काढायला सांगितली, परिच्छेदांना क्रमांक द्यायला सांगितले आणि प्रत्येकाशेजारी समासात एकच ओळ लिहायला लावली. अट एवढीच की ओळ पूर्ण विधान हवी. तिने आधी ‘रापणीबद्दल’, ‘पर्ससीन’, ‘कायदा’ असं लिहिलं. ही नुसती नावं झाली, त्यांवरून क्रम लागत नाही. दुसऱ्या खेपेला समासात हे आलं:

१. लहानपणी दांडीच्या किनाऱ्यावर रापण बघायला जायचो.
२. पर्ससीन जाळं थव्याला वेढतं आणि खालची दोरी ओढून तोंड बंद करतं.
३. पर्यटक वाढल्याने हॉटेलात सुरमई महाग झाली.
४. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे आणि २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंधही आले.
५. रापण किनाऱ्यावरून ओढतात, म्हणून थवा किनाऱ्याजवळ आला तरच मासा मिळतो.
६. तरुण मुलं या धंद्यात येत नाहीत.
७. रापणकर म्हणतात, गस्त पुरत नाही, नियम मोडणाऱ्या नौका सुटतात.
८. समुद्र आपली आई आहे.

आता या आठांपैकी कुणाशी वाद घालता येईल? सातव्याशी. मुख्य विधान बरेचदा असं शेवटाकडे सापडतं, कारण लिहिता लिहिताच लेखकाला आपलं म्हणणं उमगतं. तिने ते पक्कं केलं: ‘निर्बंध आले तरी रापणकराला आधार मिळाला नाही, कारण ते पाळले जातात का हे पाण्यात जाऊन बघणारी यंत्रणा तोकडी आहे.’

मग बाकीच्या ओळी या वाक्यासमोर धरल्या. तिसरी आणि आठवी गळाली. आईवर तिचा जीव होता, पण ती ओळ कुठल्याही किनाऱ्याच्या लेखाला चिकटवता आली असती. पहिलीतलं एक वाक्य पाचवीत गेलं. उरल्या पाच.

क्रम लावायला माझी एक सोपी चाचणी आहे. दोन ओळींच्या मध्ये ‘पण’, ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ बसतो का बघायचं. फक्त ‘शिवाय’ बसत असेल तर त्या ओळी शेजारी असण्याला काही कारण नाही. तिची साखळी अशी झाली: रापणीला मासा किनाऱ्याजवळ यायला हवा (५), पण पर्ससीन त्याला आधीच वेढतं (२), म्हणून निर्बंध आले (४), पण गस्त तोकडी (७), म्हणून मुलं दुसरीकडे वळली (६).

साखळी लावल्यावर भोकं दिसली. मासा घटला हे ती गृहीत धरून चालली होती, पुरावा एकाही परिच्छेदात नव्हता. शिवाय मासा इतर कारणांनीही घटत असेल, त्याचं काय? मुलं फक्त यामुळेच वळली, हे तरी कशावरून? सलग वाचताना हे प्रश्न तिला पडलेच नव्हते, कारण ओघात वाचलेलं सगळं खरं वाटतं. मी म्हटलं, “रापण संघाकडे जुने वाट्याचे हिशोब असतील तर बघ. नसतील तर विधान लहान कर.”

“म्हणजे, मॅडम, रापणकरांचा अनुभव काय, एवढंच लिहू?”

“हो. तेवढं तुझ्याकडे आहे.”

इथे लोक एका ठिकाणी हमखास घसरतात. समासात ते परिच्छेदात असलेलं लिहीत नाहीत, आपल्याला म्हणायचं होतं ते लिहितात. मग सगळं जुळल्यासारखं दिसतं आणि लेख तसाच राहतो. उपाय म्हणजे तो समास मित्राकडून भरून घ्यायचा. त्याला एका ओळीत सांगता आलं नाही, तर त्या परिच्छेदात दोन मुद्दे आहेत, तो तोडा. दोन परिच्छेदांना एकच ओळ आली, तर ते जोडा.

परिच्छेद हलवल्यावर प्रत्येकाचं पहिलं वाक्य नव्याने लिहावं लागतं. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ म्हणावं तर ते आता खाली गेलेलं असतं. रापण म्हणजे काय हे पाचव्यात होतं, ते आता सुरुवातीला आलं, हे बरंच झालं. पण पर्ससीन हा शब्द आधी वापरून नंतर समजावला जात नाही ना, हे पुन्हा तपासायचं.

ललित लेखाला मात्र हे लावू नका. तिथे पहिला परिच्छेद, तो दांडीचा, कदाचित सगळ्यात मोलाचा ठरेल. तिला मी तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवायला सांगितला.